महात्मा गांधी सेतू : गाळ्याच्या मध्यावरचे बिजागर का टिकले नाही

पाटण्याहून गंगा ओलांडून हाजीपूरला जाणारा महात्मा गांधी सेतू मे 1982 मध्ये सुरू झाला. लांबी 5,575 मीटर. आज तो उभा आहे, पण जुने आहेत ते फक्त पाये आणि खांब. त्यांच्यावरचा काँक्रीटचा पूल तुकड्या-तुकड्याने उतरवून तिथे पोलादी ट्रस, म्हणजे त्रिकोणांच्या जोडणीचा सांगाडा, बसवावा लागला. पश्चिमेकडची बाजू 31 जुलै 2020 ला नव्याने खुली झाली आणि पूर्वेकडची 7 जून 2022 ला. एवढ्या मोठ्या पुलाचा वरचा सगळा भाग चाळीस वर्षांत काढून टाकावा लागला. त्यामागे अनेक कारणे एकत्र आली होती, पण ती एकमेकांत अडकली ती एकाच जागी : प्रत्येक गाळ्याच्या मध्यावर, जिथे दोन बाजूंचे काँक्रीट एकमेकांना टेकत नव्हते, फक्त एका पोलादी बिजागराने जोडलेले होते.

पुलाचा वरचा भाग ज्यावर टेकतो त्या बेअरिंगचे आणि पुलाच्या फटीवर बसवलेल्या सांध्याचे, म्हणजे एक्स्पान्शन जॉइंटचे, काम काय, आणि ते वेळेआधी का झिजतात, हे समजून घ्यायला हे प्रकरण फार उपयोगी आहे. साध्या उड्डाणपुलावर बेअरिंग बिघडायला बराच काळ लागतो आणि बिघडले तरी ते बदलता येते. इथे मात्र बिजागर झिजणे आणि पूल वाकणे या दोन गोष्टी एकमेकींना खतपाणी घालत गेल्या.

रचना

गंगेच्या पात्रात विहिरींच्या पायांवर खांब उभे केले होते. प्रत्येक खांबाच्या माथ्यापासून दोन्ही बाजूंना काँक्रीटचे पेटीसारखे पोकळ बाहू थोडे थोडे करून पुढे वाढवत नेले. दोन्हीकडे सारखेच वजन, म्हणून खांब तोललेला राहतो आणि नदीत आधाराचे सांगाडे उभारावे लागत नाहीत. शेजारच्या दोन खांबांचे बाहू जिथे भेटतात, तिथे गाळ्याचा मध्य. असे 45 मुख्य गाळे, प्रत्येकी 121 मीटरच्या थोडे वर, आणि दोन टोकांना साडेत्रेसष्ट मीटरचे दोन छोटे गाळे. पुलाच्या दोन्ही बाजू स्वतंत्र होत्या. म्हणजे मध्यावरचे सांधेच नव्वद.

बाहू आणि खांब एकसंध होते. खांबाच्या माथ्यावर बेअरिंग नव्हतेच. पुलाला हलायला जी मोकळीक हवी ती सगळी गाळ्याच्या मध्यावर ठेवली होती. तिथे दोन काँक्रीट टोकांमध्ये एक फट आणि आत बिजागर. अशा बिजागराकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते. दोन टोके एकमेकांपासून लांब-जवळ जाऊ देणे, त्यांना थोडे फिरू देणे, आणि उभ्या दिशेत मात्र दोघांना बरोबर ठेवणे, म्हणजे एका बाहूवर ट्रक आला की दुसऱ्यानेही निम्मा भार उचलावा. वाकवणारे बल, ज्याला मोमेंट म्हणतात, ते या बिजागरातून पलीकडे जात नाही. पुढच्या सगळ्या गोष्टी या एका वाक्यातून निघतात.

ही पद्धत एकट्या पाटण्याची नव्हती. गोव्यात झुआरी नदीवरचा 1983 चा जुना पूलही याच कुळातला : 122 मीटरचे गाळे, तोललेले बाहू आणि मध्यावर बिजागर. त्यावरही जड वाहनांना दीर्घकाळ बंदी होती.

सांध्याला किती हलायचे होते

121 मीटरच्या गाळ्यात एक सांधा, म्हणून दोन्ही बाजूंचे मिळून साधारण 121 मीटर काँक्रीटचे आकुंचन-प्रसरण त्या एका फटीत जमा होते. काँक्रीट दर अंशाला, दर मीटरमागे सुमारे 0.012 मिलिमीटर वाढते किंवा आखडते. पाटण्याचा कडक हिवाळा आणि मे-जूनचा उन्हाळा धरून काँक्रीटच्या सरासरी तापमानात 40 अंशांचा पल्ला घेतला, तर फट वर्षभरात 121 × 0.012 × 40 म्हणजे जवळजवळ 58 मिलिमीटर उघडते-मिटते. ही ये-जा दरवर्षी होत राहणारी.

दुसरी हालचाल एकाच दिशेची आहे. काँक्रीट सुकताना आखडते. शिवाय आत ताणून बसवलेल्या पोलादी तारांनी सतत दाबून ठेवलेले काँक्रीट वर्षानुवर्षे हळूहळू दबत जाते, त्याला अभियंते क्रीप म्हणतात. सांधा बसवल्यानंतर आखडण्यापोटी दर मीटरमागे पाव मिलिमीटर आणि क्रीपपोटी तेवढेच शिल्लक आहे असे धरले, तर 121 मीटरला साठेक मिलिमीटर होतात. ही फट एकदा वाढली की परत मिटत नाही. म्हणजे सांध्याची गरज 58 मिलिमीटरची नसून 120 च्या आसपासची. एका रबरी पट्टीचा साधा स्ट्रिप सील जॉइंट सत्तर-ऐंशी मिलिमीटरपर्यंतच निभावतो. त्यापुढे अनेक पट्ट्यांचा मॉड्युलर जॉइंट किंवा दातेरी फिंगर जॉइंट लागतो. आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण यातून कळते : ऋतुमानाची हालचाल मोजून त्याच मापाचा सांधा बसवला, की तो पहिल्या दहा-पंधरा वर्षांत पल्ल्याच्या टोकाला पोचतो आणि मग हिवाळ्याच्या एखाद्या पहाटे रबर खाचेतून सुटते.

सांधा बसवताना फट किती ठेवायची हे त्या दिवशीच्या तापमानावर ठरते. आराखड्यातली फट 25 अंशांसाठी असेल आणि काँक्रीट 35 अंशांवर असताना सांधा पक्का केला, तर फट साडेचौदा मिलिमीटरने कमी ठेवावी लागते. हवेचे नव्हे, काँक्रीटचे तापमान घ्यायचे, आणि तेही पेटीच्या आतून. उन्हात तापलेल्या डांबराच्या पृष्ठभागावर थर्मामीटर ठेवून ही वजाबाकी केली की चूक सांध्यात कायमची बसते.

बाहू का झुकले

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे. बाहूचे टोक स्वतःच्या वजनाने खाली जाते आणि आतल्या ताणलेल्या तारा ते वर उचलतात. टोकाची प्रत्यक्ष पातळी म्हणजे या दोन मोठ्या आकड्यांची छोटीशी वजाबाकी. उदाहरण म्हणून समजा वजनाने टोक 150 मिलिमीटर खाली जाते आणि तारा 120 मिलिमीटर वर उचलतात. बाकी उरली 30 मिलिमीटर खाली. क्रीपमुळे कालांतराने ही बाकी तिप्पट झाली, तर 90 मिलिमीटर. हे आराखड्यात धरलेले असते, आणि त्या हिशेबाने टोक आधीच उंच ठेवलेले असते. आता तारांमधला ताण अपेक्षेपेक्षा फक्त दहा टक्के कमी राहिला असे धरा. उचल 108 वर आली, बाकी 42 झाली, आणि तिचे तिप्पट 126. ताणातली दहा टक्क्यांची चूक झुकण्यात चाळीस टक्के होऊन दिसते. तारांच्या नळ्यांत सिमेंटचे ग्राउट नीट भरले गेले नसेल, पाणी शिरून तारा गंजल्या असतील, प्रत्यक्ष क्रीप हिशेबापेक्षा जास्त निघाला असेल, किंवा काँक्रीट ठरल्यापेक्षा जाड पडले असेल, तर हा फरक दहा टक्क्यांवर थांबत नाही. त्या काळी क्रीपचे अंदाज कमी धरले जात. ही जगभरची चूक होती.

गाळा एकसंध असता तर मध्यभाग खाली येताना दोन्ही बाजूंच्या काँक्रीटने एकमेकांना धरून ठेवले असते. इथे बिजागर मोमेंट घेत नाही. दोन्ही बाहू समसमान झुकत असतील तर बिजागराला काही करण्यासारखे उरतच नाही. त्याचे काम दोघांना एका पातळीवर ठेवण्याचे, आणि पातळी तर दोघांचीही सारखीच खाली जाते आहे. परिणाम म्हणजे गाळ्याच्या मध्यावर रस्त्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोलगट कोन पडतो.

त्या कोनाचे मोजमाप करता येते. साठ मीटरच्या बाहूचे टोक 300 मिलिमीटर खाली गेले, तर बाहू वाकलेला असल्याने टोकाचा उतार सरासरी 0.005 पेक्षा जास्त, साधारण 0.0067 येतो. दोन्ही बाजूंचे मिळून 0.013. ताशी 60 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरने, येणाऱ्या ट्रकला त्या एका रेषेवर उभ्या दिशेत सेकंदाला 0.22 मीटरचा वेगबदल सोसावा लागतो. चालकाला तो दणका वाटतो. सांध्याच्या पोलादी कडेला आणि खालच्या बिजागरालाही तो दणकाच असतो, आणि तो नेमका सर्वात नाजूक जागी बसतो.

बिजागर का झिजते

एका नेहमीच्या उड्डाणपुलाशी तुलना केली की फरक लख्ख दिसतो. तीस मीटरच्या गर्डरच्या टोकाखालच्या बेअरिंगवर पुलाच्या स्वतःच्या वजनाचेच साठ-सत्तर टन असतात. ट्रक आला की त्यात पाच-दहा टन वाढतात, गेला की कमी होतात. पण बेअरिंग कायम दाबलेलेच राहते, कधी सैल पडत नाही. म्हणून ते शांतपणे वर्षे काढते.

मध्यावरच्या बिजागरावर असा कायमचा भार जवळजवळ शून्य असतो. दोन्ही बाहू स्वतःच्या वजनाने सारखेच वाकतात, मग एकमेकांना ढकलणार तरी कशाला? सगळा भार ये-जा करणाऱ्या वाहनांचा. समजा 40 टनांचा ट्रक डाव्या बाहूच्या टोकाशी आला. दोन बाहू सारखे ताठ आहेत, त्यामुळे 20 टन डावा घेतो आणि 20 टन बिजागरातून उजव्याकडे जातात. ट्रक फट ओलांडून उजव्या टोकावर गेला की तेच 20 टन उलट दिशेने येतात. प्रत्येक आस फट ओलांडताना त्या आसाच्या वजनाएवढी उडी बसते आणि ट्रक पूर्ण पलीकडे जाईपर्यंत बल उलटलेले असते. हे सगळे सेकंदाच्या काही अंशात घडते. पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक जड वाहनामागे एकदा, दिवसरात्र. त्यात ट्रक क्षमतेपेक्षा जास्त भरलेले असतील तर उलटणारे बलही त्याच प्रमाणात वाढते.

बिजागरात पोलादाची जीभ खोबणीत बसलेली असते आणि ती पुढे-मागे सरकायला हवी, म्हणून तिथे थोडी मोकळीक ठेवावीच लागते. बल एकाच दिशेला असते तर ती मोकळीक एका बाजूला मिटून राहिली असती. उलटणाऱ्या बलाखाली जीभ खोबणीच्या वरच्या पृष्ठभागावरून खालच्यावर आणि परत वर आपटते. आपटल्याने पृष्ठभाग चेपतो, चेपल्याने मोकळीक वाढते, मोकळीक वाढली की आपटायला जास्त अंतर मिळते. अर्धा मिलिमीटरची मोकळीक दोन मिलिमीटर झाली की धक्क्याचा आवाज पुलाखाली होडीतूनही ऐकू येतो.

बाहू झुकण्याची भूमिका इथे येते. टोके फिरल्यामुळे जीभ आणि खोबणी समांतर राहत नाहीत. सबंध पृष्ठभागावर विभागला जाणारा दाब एका कडेवर येतो. तेवढ्याच बलाने कडा लवकर चेपते, पितळी किंवा टेफ्लॉनचा सरकता थर त्या बाजूने आधी संपतो. वर फट उघडी पडलेली, सांध्याचे रबर निघालेले, त्यामुळे पाणी आणि धूळ थेट खाली येते. वंगण धुऊन जाते, वाळू खोबणीत बसते आणि घासायचे काम करते. म्हणूनच सांध्याची गळती ही किरकोळ तक्रार समजू नये. सांधा हे बेअरिंगचे छप्पर असते.

शेवटी बिजागराचे दोनपैकी एक होते. मोकळीक इतकी वाढते की ते भार पलीकडे देईनासे होते. मग ट्रकचा सगळा भार एकाच बाहूवर येतो, टोकाचे वाकणे आणि खांबाजवळचा वाहनांचा मोमेंट जवळपास दुप्पट होतो, आणि दोन टोकांमध्ये ट्रकगणिक पायरी पडते. ती पायरी सांध्याच्या पोलादी कडेला तोडते. किंवा बिजागर गंजून जाम होते. मग थंडीत आखडू पाहणारे काँक्रीट शेजारच्या खांबांना ओढते आणि बिजागर काँक्रीटमध्ये घट्ट धरणाऱ्या नांगरांभोवती भेगा पडतात. एकाच पुलावर काही गाळ्यांत पहिला प्रकार आणि काहींत दुसरा, असेही दिसते.

डांबराचा मोह

व्ही आकाराचा खोलगट भाग पाहिला की रस्त्याची देखभाल करणाऱ्याला तो डांबराने भरून समतल करावासा वाटतो. अशा पुलावर हे सर्वात घातक काम आहे. हिशेब सोपा आहे : टोकाकडच्या वीस मीटरवर, साडेसात मीटर रुंदीत, सरासरी 75 मिलिमीटर डांबर घातले तर ते सव्वाअकरा घनमीटर होते, म्हणजे सुमारे 26 टन. बाहूच्या टोकाजवळ एक भरलेला ट्रक कायमचा उभा करून ठेवण्यासारखेच हे आहे. फरक इतकाच की ट्रकचा भार निघून जातो, डांबराचा जात नाही, आणि न जाणाऱ्या भारावरच क्रीप चालते. टोक आणखी झुकते आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा डांबर. कोणत्याही मध्यबिजागरी पुलावर नवा थर घालायचा असेल तर आधी जुना खरवडून काढला पाहिजे, आणि किती टन निघाले व किती टन पडले याची नोंद ठेवली पाहिजे.

दुरुस्तीचे प्रयत्न आणि त्यांच्या मर्यादा

गांधी सेतूवर वर्षानुवर्षे दुरुस्त्या चालल्या, काही भागांत एकाच बाजूने वाहतूक सोडावी लागली, आणि उत्तर व दक्षिण बिहारला जोडणाऱ्या या रस्त्यावरच्या रांगा लोकांच्या रोजच्या त्रासाचा भाग झाल्या. त्रास खरा होता, आणि दुरुस्ती करणाऱ्यांची अडचणही खरी होती.

साध्या पुलाचे बेअरिंग बदलताना खांबाच्या माथ्यावर जॅक बसवून गर्डर काही मिलिमीटर उचलायचा, जुने बेअरिंग ओढून काढायचे, नवे सरकवायचे आणि गर्डर पुन्हा सोडायचा, असा क्रम असतो. मुंबईत सायनच्या उड्डाणपुलाची बेअरिंग 2020 मध्ये वाहतूक टप्प्याटप्प्याने बंद ठेवून बदलली गेली. गंगेच्या मध्यावर, गाळ्याच्या ऐन मध्यात, खाली जॅक टेकवायला काहीच नसते. तिथे फटीवरून एक भक्कम पोलादी तुळई रस्त्यावर आडवी टाकायची, दोन्ही बाहू तिला पोलादी दांड्यांनी बांधून जॅकने एका पातळीवर आणायचे आणि मगच पेटीत उतरून जुने बिजागर कापायचे. तोवर त्या बाजूची वाहतूक बंद. असे नव्वद सांधे. शिवाय नवे बिजागर त्याच झुकलेल्या बाहूंमध्ये, त्याच उलटणाऱ्या बलाखाली बसते, त्यामुळे त्याचा झिजण्याचा वेग जुन्यापेक्षा कमी असायचे कारण नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पेटीच्या आतून नव्या तारा ताणून बाहूंना पुन्हा जोर देणे. याने झुकणे थांबते किंवा मंदावते. झुआरीच्या पुलावर हे केले गेले. पण जुन्या काँक्रीटमध्ये नव्या तारांचे नांगर बसवायला मर्यादित जागा असते, काँक्रीटची दाब सोसायची कुवतही मर्यादित असते, आणि आधीच झालेले झुकणे याने फारसे परत येत नाही. बिजागर तर जागेवरच राहते.

मग बिजागर काढून दोन बाहू एकजीव का करू नयेत? हा विचार कागदावर आकर्षक दिसतो. पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ देशात कोरोर आणि बाबेलदाओब या बेटांमधला पूल 1977 चा, मध्यावर बिजागर आणि सुमारे 241 मीटरचा गाळा. तो एक मीटरहून जास्त झुकला. 1996 मध्ये मध्यावरची मोकळीक काढून टाकून आणि नव्या तारा ताणून तो पक्का केला, आणि दुरुस्तीनंतर काही महिन्यांतच, 26 सप्टेंबर 1996 ला, तो कोसळला. दोन माणसे गेली. बाहू म्हणून बांधलेल्या रचनेला मध्यावर जोडले की बलांचे वाटप सगळे बदलते : जिथे कधीच ताण येणार नाही असे धरले होते तिथे ताण येतो आणि तापमानाची ओढ खांबांवर जाते. संपूर्ण पुलाचा नव्याने हिशेब केल्याखेरीज या मार्गाला हात लावू नये. आमच्या मते पाटण्याला वरचा भाग पूर्ण बदलण्याचा निर्णय याच कारणाने बरोबर होता. तो आणखी लवकर व्हायला हवा होता.

नव्या रचनेत काय बदलले

पाये आणि खांब वापरता येण्याजोगे होते. त्यावर काँक्रीटच्या पेट्यांपेक्षा हलका पोलादी ट्रस बसवला. तो खांबापासून खांबापर्यंत जातो, त्यामुळे गाळ्याच्या मध्यावर आता सांधा नाही. बेअरिंग खांबाच्या माथ्यावर आली आणि त्यांच्यावर ट्रसचे वजन कायम टेकलेले असते, ती मोकळी आपटत नाहीत. जॅक टेकवायला खाली खांब आहे.

हालचालीचा हिशेबही बदलला. पोलाद तापमानाने काँक्रीटइतकेच वाढते, पण ट्रस ही पातळ पोलादी भागांची उघडी जाळी असल्याने ते हवेच्या चढउताराला लवकर साथ देते. म्हणून पल्ला मोठा घ्यावा लागतो. 50 अंश धरले तर 121 मीटरच्या एका गाळ्याला साधारण 73 मिलिमीटर. ऋतुमानाची ये-जा आधीपेक्षा जास्त आहे, पण पोलादाला आखडणे नाही आणि क्रीप नाही. म्हणजे फट दरवर्षी जिथून निघते तिथेच परत येते. सांध्याच्या आयुष्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

अजून उभ्या असलेल्या मध्यबिजागरी पुलांसाठी

असे पूल ज्यांच्याकडे देखभालीला आहेत त्यांनी तीन नोंदी ठेवल्या तर बिघाड दणक्याच्या कितीतरी आधी कळतो.

पहिली नोंद टोकांच्या पातळीची. खांबाच्या माथ्यावर आणि दोन्ही टोकांवर काँक्रीटमध्ये पितळी खुणा रोवून वर्षातून दोनदा लेव्हल घ्यायची, आणि ती सूर्योदयापूर्वी. दिवसा उन्हाने पेटीची वरची बाजू तापून खालच्यापेक्षा जास्त लांबते आणि टोक खाली झुकते. दुपारी घेतलेली लेव्हल पुढच्या वर्षीच्या पहाटेच्या लेव्हलशी ताडून पाहिली तर पूल वर आल्याचा भास होईल. खुणा डांबरावर मारू नयेत, डांबर बदलले की सगळा इतिहास जातो. पाच-सहा वर्षांच्या आकड्यांची रेषा सपाट होत असेल तर क्रीप ओसरते आहे. ती सरळ खाली जात राहिली किंवा वळून आणखी खाली जाऊ लागली, तर तारांचा ताण जातो आहे असे समजून पेटीत उतरून नळ्या तपासाव्यात.

दुसरी नोंद फटीच्या रुंदीची, दोन्ही कठड्यांशी आणि मध्ये, काँक्रीटच्या तापमानासह. जानेवारी आणि जूनच्या काँक्रीटच्या तापमानात 20 अंशांचा फरक असेल तर 121 मीटरच्या गाळ्याची फट 29 मिलिमीटरने बदलायला हवी. ती पाच-सहाच मिलिमीटर बदलली तर बिजागर जाम आहे. दोन कठड्यांशी वेगवेगळी बदलली तर ते एका बाजूने अडकले आहे.

तिसरी नोंद बिजागराच्या मोकळीकीची. रात्री वाहतूक थांबवून एका बाहूला बारीक हालचाल मोजणारा डायल गेज बांधायचा, त्याची टोकदार सुई दुसऱ्या बाहूवर टेकवायची आणि वजन माहीत असलेला ट्रक पायी चालण्याच्या वेगाने फटीवरून न्यायचा. बिजागर चांगले असेल तर दोन्ही टोके मिळून खाली जातात आणि मिळून वर येतात, काटा जेमतेम हलतो. ट्रक फट ओलांडतो त्या क्षणी काट्याने उडी मारली तर ती उडी म्हणजेच मोकळीक. एका वर्षीच्या आकड्यापेक्षा त्याची वाढ जास्त महत्त्वाची. यंदा एक मिलिमीटर आणि दोन वर्षांनी दोन मिलिमीटर दिसले, तर सांध्याच्या कडा तुटण्याची वाट न पाहता जड वाहनांचा वेग आणि आसाचे वजन तिथे लगेच मर्यादित करावे, कारण आपटण्याचा जोर वेगाच्या आणि वजनाच्या जोडीने वाढतो. बिजागर बदलायची तयारी व्हायला काही महिने लागतात, आणि तेवढे महिने मिळवण्याचा तोच एक उपाय हातात असतो.